एएमएच 0.9 आला, म्हणजे नक्की काय कळलं?

समजा, मुलुंडला राहणारी 32 वर्षांची एक स्त्री आहे. लग्नाला दोन वर्षं झाली आहेत आणि मूल इतक्यात नको म्हणून गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत. ऑफिसकडून मिळालेल्या वार्षिक तपासणीत साखर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी यांच्या जोडीला, स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारा एएमएचही होता. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो: 0.9 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, शेजारी ठळक अक्षरात ‘कमी’. रात्रभर ती वाचत बसते. सकाळपर्यंत तिच्या मनात तीन गोष्टी पक्क्या होतात: आपली स्त्रीबीजं संपत आली आहेत, आपल्याला दिवस राहायला त्रास होणार आणि पाळीही लवकर जाणार. हातातल्या आकड्यावरून यातली एकही गोष्ट सिद्ध होत नाही. कशी, ते नीट पाहू.

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून साधारण दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात आणि पाळी कायमची थांबते तेव्हा हजाराच्या आसपास. हा सगळा साठा सुप्तावस्थेत असतो. प्रत्येक बीज एका सूक्ष्म पिशवीत झोपलेलं असतं आणि ती पिशवी मिलिमीटरच्या काही शतांशाएवढी असते, त्यामुळे कुठल्याही सोनोग्राफीत दिसत नाही. या साठ्यातून रोज काही पिशव्या जाग्या होतात आणि वाढायला लागतात. काही महिन्यांनी त्यांच्या आत पाण्याची पोकळी तयार होते आणि त्या दोन मिलिमीटरच्या पुढे जातात. याच अँट्रल फॉलिकल. त्यांच्या भिंतीतल्या पेशी एक संप्रेरक रक्तात सोडतात, अँटी-म्युलेरियन हॉर्मोन, म्हणजे एएमएच. फॉलिकल साधारण आठ मिलिमीटरच्या पुढे गेलं की हे हॉर्मोन बनणं जवळजवळ थांबतं.

म्हणजे दोन्ही तपासण्या एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी बघतात. सोनोग्राफीत जागी झालेली फॉलिकल मोजतात, रक्तात त्यांनीच सोडलेलं हॉर्मोन मोजतात. झोपलेला साठा दोन्हींत थेट दिसत नाही. मुंबईकराला हे पाण्याच्या भाषेत पटकन समजेल. सोसायटीच्या नळाला पाणी किती जोरात येतंय यावरून भातसा आणि तानसा किती भरलेत याचा अंदाज बांधायचा, तसं हे आहे. अंदाज अगदीच निराधार नसतो, कारण तलाव आटत आले की कधीतरी नळाची धारही बारीक होते. पण तलाव भरलेले असतानाही पाणीकपात असू शकते, आणि पाणी स्वच्छ आहे का हे धारेवरून मुळीच कळत नाही. पुढचं जवळजवळ सगळं या दोन वाक्यांत आलं आहे.

गोळ्या म्हणजे पाणीकपात

गर्भनिरोधक गोळ्या मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संकेत दाबून ठेवतात. त्यामुळे मोठी होत चाललेली अँट्रल फॉलिकल कमी होतात, अंडाशयाचा आकारही थोडा लहान होतो आणि एएमएच घसरतो. ही घसरण अनेकदा 20 ते 30 टक्क्यांपर्यंत असते, दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या काही जणींत त्याहून जास्त. झोपलेल्या साठ्याला यात धक्का लागत नाही. गोळ्या थांबवल्या की दोन-तीन महिन्यांत आकडा हळूहळू मूळ जागी येतो. मुलुंडच्या स्त्रीच्या रिपोर्टवर वय छापलेलं आहे, लिंग छापलेलं आहे, पण गोळ्या चालू आहेत ही नोंद कुठेच नाही, कारण रक्त घ्यायला घरी आलेल्या मुलाने ते विचारलं नाही आणि त्याने विचारावं अशी सोयही नव्हती.

दुसरी शंका केसांच्या गोळ्यांची. केस गळतात म्हणून रोज पाच किंवा दहा मिलिग्रॅम बायोटिन घेणाऱ्या कितीतरी जणी आहेत, मुलुंडची स्त्रीही त्यांतलीच. प्रयोगशाळेतल्या काही यंत्रांची तपासणीची पद्धतच बायोटिनच्या जोडणीवर चालते. रक्तात बायोटिन फार असेल तर ती जोडणी बिघडते आणि एएमएच खोटा कमी दिसू शकतो. म्हणून तपासणीआधी दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवावं आणि तसं प्रयोगशाळेला सांगावं. उपाशीपोटी जायची गरज नाही. पाळीचा कुठलाही दिवस चालतो, कारण महिन्याभरात एएमएच थोडाच हलतो. मात्र गरोदरपणात आकडा खाली जातो, तेव्हा तो बघण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट यंत्राची. एएमएच मोजणाऱ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या पद्धतींत एकवाक्यता अजून पुरती झालेली नाही. तेच रक्त दोन वेगळ्या पद्धतींनी तपासलं तर आकड्यांत सहज पाचव्या हिश्श्याचा फरक पडतो. म्हणून दादरच्या एका लॅबचा 0.9 आणि ठाण्याच्या दुसऱ्या लॅबचा 1.1 शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ म्हणू नये. पुन्हा तपासायचं असेल तर त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने. एकक सुद्धा बघावं. काही रिपोर्ट पिकोमोल प्रति लिटरमध्ये असतात आणि एक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे 7.14 पिकोमोल प्रति लिटर. 0.9 नॅनोग्रॅम आणि 6.4 पिकोमोल ही एकच गोष्ट आहे. परदेशातल्या लेखातला पिकोमोलचा तक्ता उघडून त्यात नॅनोग्रॅमचा आकडा शोधला की धडकीच भरते.

सोनोग्राफीतली मोजणी

मुलुंडच्या स्त्रीला कुणीतरी सोनोग्राफी करायला सांगितलं. ती पाळीच्या अठराव्या दिवशी गेली, गोळ्या चालूच होत्या. रिपोर्टमध्ये उजव्या अंडाशयात तीन, डाव्यात दोन, एकूण पाच. एएमएचशी हा आकडा जुळला म्हणून तिची भीती दुप्पट झाली. पण जुळणारच होता. ज्या गोळ्यांनी हॉर्मोन दाबलं त्याच गोळ्यांनी फॉलिकलही दाबली होती. एकाच कारणाने दोन्ही आकडे खाली आले असतील तर एकाची साक्ष दुसऱ्याला देता येत नाही.

ही मोजणी नीट कशी होते हे माहीत असलेलं बरं, कारण मोजणाऱ्याच्या हातावर इथे फार अवलंबून असतं. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, रक्तस्राव चालू असला तरी, योनीमार्गातून सोनोग्राफी करतात. लघवी करून, मूत्राशय रिकामं ठेवून जायचं असतं. पोटावरून होणाऱ्या सोनोग्राफीला ‘भरपूर पाणी पिऊन या’ सांगतात, त्यामुळे अनेक जणी इथेही पोट तट्ट करून येतात आणि त्रास होतो. प्रोब निदान सात मेगाहर्ट्झचा लागतो, म्हणजे दोन मिलिमीटरची पिशवी वेगळी दिसते.

डॉक्टर आधी अंडाशय दोन दिशांनी पूर्ण बघतात. मग त्यातलं सगळ्यांत मोठं फॉलिकल दोन बाजूंनी मोजून सरासरी काढतात. ती दहा मिलिमीटर किंवा कमी असेल तर अंडाशयाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत प्रोब सावकाश सरकवत दिसणारी प्रत्येक गोल किंवा लंबगोल काळी पोकळी मोजतात. दहाहून मोठी असतील ती वजा होतात. मग दुसरं अंडाशय, आणि दोन्हींची बेरीज. स्क्रीनवर करड्या जमिनीवर काळी भोकं दिसतात. घाईत तेच फॉलिकल दोनदा मोजलं जातं, किंवा आडवी कापली गेलेली रक्तवाहिनी फॉलिकल समजली जाते. प्रोब थोडा फिरवला की फॉलिकल गोलच राहतं आणि रक्तवाहिनी लांब नळीसारखी होते, त्यावरून फरक कळतो. अंडाशय वर सरकून आतड्यामागे गेलं असेल किंवा आत जुन्या रक्ताची गाठ, म्हणजे चॉकलेट सिस्ट असेल तर मोजणी कमी भरते. अशा वेळी ‘डावं अंडाशय नीट दिसलं नाही’ हे वाक्य रिपोर्टमध्ये असायलाच हवं. ते नसेल आणि नुसता ‘डावीकडे 1’ असा आकडा असेल, तर तो आकडा धोका देतो.

लग्न न झालेल्या किंवा शरीरसंबंध न आलेल्या मुलींची सोनोग्राफी आपल्याकडे बहुतेक वेळा पोटावरून करतात. त्यात दोन-तीन मिलिमीटरच्या पिशव्या भरवशाने मोजता येत नाहीत. बीज गोठवून ठेवायचा विचार असलेल्या मुलीने अशा मोजणीपेक्षा एएमएचवर जास्त विसंबावं. मोजणी हवीच असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून दुसरा मार्ग निवडता येतो. लाजून गप्प राहिलं तर ‘एकूण 4’ असा पोटावरून काढलेला आकडा फाइलमध्ये कायमचा बसतो.

आता तिची तपासणी पुन्हा करू. गोळ्या बंद करून तीन पाळ्या गेल्या, या काळात निरोध वापरला. केसांची गोळी चार दिवस आधी थांबवली. पाळीच्या तिसऱ्या दिवशी, त्याच लॅबमध्ये एएमएच 1.5. सोनोग्राफीत उजवीकडे पाच आणि डावीकडे सहा. डावीकडे एक 14 मिलिमीटरची पिशवीही होती, मागच्या महिन्यातली उरलेली. ती धरली नाही. एकूण अकरा. 32 व्या वर्षाच्या मानाने हे मधल्यापेक्षा थोडं खाली आहे, पण ‘साठा कमी’ म्हणावा असं नाही. उपचाराच्या नियोजनात सर्वसाधारणपणे एएमएच 1.1 किंवा 1.2 च्या खाली आणि फॉलिकल पाच ते सातच्या खाली असतील तेव्हा अंडाशय औषधाला कमी प्रतिसाद देईल असं धरतात. या तीन महिन्यांत तिने एखादी ‘एएमएच वाढवणारी’ पावडर घेतली असती, तर 0.9 वरून 1.5 चं श्रेय त्या पावडरला गेलं असतं. डीएचईए, कोएन्झाइम क्यू टेन, अंडाशयात प्लेटलेटची इंजेक्शनं, यांपैकी कशानेही झोपलेला साठा वाढतो असं सिद्ध झालेलं नाही. डीएचईएने मुरुमं आणि चेहऱ्यावर केस मात्र येऊ शकतात.

आकडा काय सांगतो, आणि कुठे थांबतो

या तपासण्या एका कामासाठी खरोखर चांगल्या आहेत: टेस्ट ट्यूब बेबीसाठी किंवा बीज गोठवण्यासाठी इंजेक्शनं दिली तर किती बीजं हाती येतील, हे सांगायला. दर महिन्याला जागी झालेली पाच-दहा-वीस फॉलिकल स्पर्धेत असतात. फॉलिकल वाढवणारं शरीरातलं हॉर्मोन, एफएसएच, एकालाच पुरतं, ते एक मोठं होऊन फुटतं आणि बाकीची जिरून जातात. बाहेरून एफएसएच दिलं की जिरणारीही वाढतात. म्हणून स्पर्धेत किती आहेत हे आधी कळलं तर मात्रा ठरवता येते. पंचवीस फॉलिकल आणि एएमएच 7 असलेल्या पीसीओएसच्या मुलीला रोज 150 युनिट किंवा त्याहूनही कमी देतात, कारण जास्त दिलं तर अंडाशय फुगून पोटात पाणी भरण्याचा धोका असतो. चार-पाच फॉलिकल असतील तर 300 पर्यंत जातात, आणि त्यापुढे वाढवून सहसा काही हाती येत नाही. नसलेलं फॉलिकल इंजेक्शनाने तयार होत नाही. मुलुंडच्या स्त्रीने बीजं गोठवायचं ठरवलं तर एका फेरीत अकराच्या आसपास, बहुधा त्याहून थोडी कमी मिळतील, हा अंदाज वाजवी आहे.

आता न कळणाऱ्या गोष्टी. नैसर्गिकरीत्या दिवस राहायला महिन्याला एकच बीज लागतं. स्पर्धेत पाच होती की वीस, यावर फुटणाऱ्या त्या एका बीजाची संख्या बदलत नाही. हे नुसतं तर्काने म्हणायची गरज नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये 30 ते 44 वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या आणि मुलासाठी नुकताच प्रयत्न सुरू केलेल्या सुमारे 750 स्त्रियांचा अभ्यास झाला, तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. एएमएच 0.7 च्या खाली असलेल्या स्त्रियांत सहा पाळ्यांच्या आत गर्भ राहण्याची शक्यता 65 टक्के आली, आणि सामान्य एएमएच असलेल्यांत 62 टक्के. बारा पाळ्यांत 84 आणि 75. कमी असणं चांगलं असा याचा अर्थ नाही. कमी गटात चौऱ्याऐंशीच जणी होत्या आणि हा फरक योगायोगाच्या मर्यादेत बसतो. अर्थ एवढाच की वय लक्षात घेतल्यावर कमी एएमएचमुळे शक्यता घटलेली दिसली नाही. आणि हा अभ्यास गर्भ राहण्यापुरता आहे, बाळ जन्माला येण्यापर्यंतचा हिशेब त्यात नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं की ज्यांना वंध्यत्वाची तक्रार नाही त्यांना पुढच्या प्रजननक्षमतेबद्दल सल्ला देण्यासाठी एएमएच वापरू नये. तरीही तो सर्वसाधारण तपासणीच्या पॅकेजमध्ये घातला जातो. आमच्या मते तो तिथून काढला पाहिजे, कारण ज्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही तोच प्रश्न त्याने वाचणाऱ्याच्या मनात उभा राहतो.

बीजाचा दर्जाही यातून कळत नाही, आणि घोटाळा सर्वाधिक इथेच होतो. बीजात गुणसूत्रं बरोबर संख्येने असणं हे मुख्यतः वयावर ठरतं. टेस्ट ट्यूब उपचारांत तपासलेल्या गर्भांपैकी तिशीच्या आसपासच्या स्त्रियांत साधारण चौथा ते तिसरा हिस्सा गुणसूत्रदोषाचा निघतो, 42 व्या वर्षी सुमारे तीन-चतुर्थांश. आता 29 वर्षांची, एएमएच 0.9 असलेली स्त्री घ्या आणि 42 वर्षांची, एएमएच 3 असलेली. पहिलीला चार बीजं मिळतील, दुसरीला बारा. पहिलीच्या चारांतली बहुतेक निकोप असण्याची शक्यता आहे, दुसरीच्या बारातली बहुतेक नसण्याची. दुसरीला ‘रिपोर्ट उत्तम आहे’ असं सांगून आणखी दोन वर्षं थांबू देणं हे पहिलीला घाबरवण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त नुकसानीचं आहे. चांगल्या आकड्याने निश्चिंत होऊन चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांबद्दल फार कमी बोललं जातं.

पाळी कधी जाईल, हेही आकड्यावरून एखाद्या स्त्रीला सांगता येत नाही. हजारो जणींची सरासरी काढली तर कमी एएमएच असलेल्यांची पाळी थोडी लवकर जाते हे खरं. पण एका व्यक्तीसाठी अंदाजाची रुंदी इतकी मोठी असते की ‘तुमच्याकडे पाच वर्षं आहेत’ असं म्हणणं म्हणजे ठोकून देणं आहे. गर्भाशयाकडे येणाऱ्या नळ्या उघड्या आहेत का, गर्भाशयात काही अडथळा आहे का, नवऱ्याचे शुक्राणू कसे आहेत, यांतलं काहीच एएमएचला माहीत नसतं. आणि घरोघरी होतं काय, तर बाईच्या एएमएचच्या तीन रिपोर्टांनी फाइल जाडजूड होते आणि नवऱ्याची वीर्य तपासणी झालेलीच नसते.

मग मुलुंडच्या जोडप्याने काय करावं? मूल हवं असेल तर आता प्रयत्न सुरू करावेत. वय 35 च्या आत आहे, पाळी नियमित आहे, म्हणून वर्षभर. वर्षात दिवस राहिले नाहीत तर दोघांच्या तपासण्या एकदमच सुरू कराव्यात, आधी वीर्य तपासणी आणि नळ्यांची तपासणी. स्त्रीचं वय 35 पूर्ण झालेल्या जोडप्यात ही मुदत सहा महिन्यांची आहे, चाळिशीनंतर थांबूच नये. मूल चार-पाच वर्षं नकोच असेल तर बीज गोठवण्याबद्दल बोलताना 1.5 आणि अकरा हे आकडे उपयोगी पडतील, एका फेरीत काम भागेल की दोन लागतील हे ठरवायला.

काही जणींनी मात्र कमी आकडा आला तर वर्षाची वाट बघू नये. अंडाशयाची शस्त्रक्रिया झालेल्या, विशेषतः दोन्ही बाजूंच्या चॉकलेट सिस्टची. केमोथेरपी किंवा ओटीपोटाला रेडिएशन झालेल्या. आई किंवा बहिणीची पाळी चाळीस-पंचेचाळिशीच्या आत गेलेल्या. आणि सर्वांत महत्त्वाचं, गोळ्या बंद असूनही ज्यांची पाळी लांबत चालली आहे, महिने चुकत आहेत, अंगातून गरम वाफा जातात. 28 व्या वर्षी एएमएच 0.2, फॉलिकल तीन आणि पाळी दोन-दोन महिन्यांनी, असं चित्र असेल तर अंडाशय वेळेआधी थकतंय का हे बघण्यासाठी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच आणि शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन, म्हणजे इस्ट्राडायोल, तपासतात. एफएसएच 25 च्या वर आलं तर, शंका असल्यास, महिन्याभराने ते पुन्हा तपासून खात्री करतात आणि गुणसूत्रांची तपासणीही सांगतात. अशा वेळी प्रश्न फक्त मुलाचा नसतो. इस्ट्रोजेन कमी पडल्याने हाडं ठिसूळ होतात, त्याचेही उपचार त्याच वयात सुरू करावे लागतात, लग्न झालेलं असो वा नसो.